कंपोझिशनमध्येच राहायचं की बाहेर पडायचं? महालातलं भांड्यांचं दुकान, ३१ मार्चच्या आत ठरवायचंय

भांडीवाली_महाल

नमस्कार. नागपुरात महालात आमचं स्टील, पितळ आणि तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि दीर बघतो. जीएसटी आल्यापासून आम्ही कंपोझिशनमध्ये आहोत. वर्षाची विक्री साधारण ९० लाख. दर तिमाहीला १ टक्का भरायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच आजवर माहीत होतं.

गेल्या आठवड्यात इतवारीतला आमचा ठोक व्यापारी बोलता बोलता म्हणाला, "वहिनी, भांड्यांवरचा जीएसटी १२ चा ५ झाला, आता तुमचं कंपोझिशन तुम्हाला महाग पडत असेल." मला वाटलं चुकून बोलला. १ टक्का ५ टक्क्यांपेक्षा महाग कसा पडेल? अकाउंटंटला विचारलं तर म्हणाला, चालू आहे ते चालू द्या. दीरही तेच म्हणतात. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमची खरेदी सगळी धरून ७५ लाखांच्या आसपास असते, म्हणजे १५ लाख सुटतात. त्यातून भाडं, दोन पोरांचे पगार, लाईट बिल.

कोणी नीट समजावून सांगेल का?

बुटीबोरी_वाला

काहून टेन्शन घेता ताई? १ टक्का म्हणजे १ टक्का. ९० लाखांवर ९० हजार. रेग्युलरमध्ये गेल्या तर ५ टक्क्यांनी साडेचार लाख होते. हिशोब साफ आहे. दीड कोटी होईपर्यंत निवांत राहा. फक्त एक ध्यानात ठेवा, कंपोझिशनवाल्याला महाराष्ट्राबाहेरून माल आणता येत नाही. मुरादाबादचा माल असेल तर बंद करा, नाहीतर फसाल.

करसल्लागार_धरमपेठ

बुटीबोरीवाले भाऊ, दीड कोटीची मर्यादा बरोबर सांगितलीत, बाकी दोन गोष्टी दुरुस्त करतो.

बाहेरच्या राज्यातून माल आणायला काहीच हरकत नाही. मुरादाबाद, दिल्ली, कुठूनही आणा. बंदी आहे ती बाहेरच्या राज्यात विकायला. अर्ज भरताना या दोन गोष्टींची गल्लत फार लोक करतात.

दुसरं, रेग्युलरमध्ये साडेचार लाख खिशातून जात नाहीत. खरेदीवर व्यापाऱ्याला जो जीएसटी दिला तो वजा होतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. म्हणजे कर पडतो तो फक्त मधल्या मार्जिनवर. कंपोझिशनमध्ये मात्र १ टक्का पूर्ण विक्रीवर पडतो, मार्जिन कितीही असो. ताईंच्या ठोक व्यापाऱ्याचं बोलणं याच फरकावर होतं.

ताईंचेच आकडे घेतो. किरकोळ गिऱ्हाईक घासाघीस करतं ती शेवटच्या आकड्यावर. बिलात कर दाखवा की नका दाखवू, ते देणार तेवढेच. म्हणून ९० लाख विक्री आणि ७५ लाख खरेदी, दोन्ही करासकट धरू. मार्जिन १५ लाख.

कंपोझिशन: ९० लाखांचा १ टक्का, ९०,००० रुपये.

रेग्युलर, ५ टक्के दराने: १५ लाखांत कर आधीच मिसळलेला आहे, तो काढायचा तर ५ भागिले १०५. येतात ७१,४०० च्या आसपास. म्हणजे साडेअठरा हजारांनी कमी.

आता हाच हिशोब २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या १२ टक्क्यांनी करा. १५ लाख गुणिले १२ भागिले ११२, येतात १,६०,७०० रुपये. तेव्हा कंपोझिशन तुम्हाला वर्षाला सत्तर हजार वाचवून देत होतं. अकाउंटंटचा सल्ला तेव्हा शंभर टक्के योग्य होता. दर उतरला आणि पारडं फिरलं.

लक्षात ठेवायला सोपं करून सांगतो. ५ टक्क्यांच्या मालावर १०० रुपयांच्या विक्रीत २१ रुपयांपेक्षा जास्त सुटत असतील तर १ टक्का स्वस्त, कमी सुटत असतील तर महाग. १८ टक्क्यांच्या मालाला हीच रेघ साडेसहा रुपयांवर आहे. म्हणून मिक्सर-गिझर विकणाऱ्याला कंपोझिशन अजूनही परवडतं आणि पाच टक्क्यांच्या मालावर पातळ मार्जिन घेणाऱ्याला परवडत नाही. तुमचे १०० मागे साडेसोळा सुटतात.

भांडीवाली_महाल

दादा, हे मी कागदावर दोनदा करून पाहिलं. आठ वर्षांत हे असं कोणी सांगितलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. पितळेचा काही माल आम्ही भंडाऱ्याच्या कारागिरांकडून थेट घेतो. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही, साध्या पावतीवर व्यवहार होतो. त्यानं काही फरक पडतो का?

करसल्लागार_धरमपेठ

पडतो, आणि चांगलाच पडतो. त्या मालावर तुम्ही जीएसटी दिलेलाच नाही, तर वजा काय करणार? रेग्युलरमध्ये गेल्यावर विकताना मात्र पूर्ण ५ टक्के लागतील. तसा माल वर्षाला चार लाखांच्या आत असेल तर रेग्युलर अजूनही जरा स्वस्त. त्यावर गेला की कंपोझिशन पुन्हा पुढे. अंदाजानं नका सांगू, पावत्या मोजून आकडा द्या.

मानेवाडा_सावजी

नमस्कार मंडळी. माझं सावजी भोजनालय आहे, कंपोझिशनमध्ये ५ टक्के भरतो. भांडेवाल्याला १ अन् आम्हाला ५ काहून? आणि हा मार्जिनचा हिशोब आम्हाला लागतो का? आमच्या मसाल्यात, मटणात मार्जिन चांगलं आहे.

करसल्लागार_धरमपेठ

भाऊ, तुमचा हिशोब वेगळा आहे. हॉटेलला कंपोझिशनमध्ये ५ टक्के आणि साध्या हॉटेलला रेग्युलरमध्येही ५ टक्केच, क्रेडिट दोन्हीकडे नाही. त्यामुळे मार्जिनचा प्रश्नच येत नाही. फरक एवढाच की रेग्युलरमध्ये तुम्ही ताटाच्या बिलावर ५ टक्के वेगळे लावून घेऊ शकता. कंपोझिशनमध्ये लावता येत नाहीत, गल्ल्यातून भरावे लागतात. तुम्हाला कंपोझिशनचा फायदा रिटर्नच्या दगदगीपुरता आहे, करात नाही.

मानेवाडा_सावजी

म्हणजे इतके वर्ष मी माझ्या खिशातून भरून राहिलो! बरं, ऑनलाइन डिलिव्हरीच्या ॲपवर जायचं म्हटलं तर कंपोझिशनमध्ये चालते का?

करसल्लागार_धरमपेठ

ॲपवरून सेवा देणाऱ्याला कंपोझिशन नाही, अशी अट आहे. पण हॉटेलच्या जेवणाचा कर ॲप स्वतःच भरतं, म्हणून ती अट हॉटेलला लागत नाही असंही काही जण मांडतात. मी माझ्या अशिलांना त्या वादात शिरू देत नाही, रेग्युलर करून मगच ॲपवर चढवतो.

सक्करदरा_किराणा

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. किराणा दुकान आहे, सोबत कळमन्यातून आणून सुटे गहू, तांदूळ, डाळीही विकतो. करपात्र मालाची विक्री ९२ लाख, सुटं धान्य ७० लाखांचं. धान्यावर जीएसटी नाहीच, म्हणून मी ९२ लाखच धरतो आणि त्यावर १ टक्का भरतो. बरोबर आहे ना?

करसल्लागार_धरमपेठ

अर्धं बरोबर आहे. १ टक्का भरताना व्यापाऱ्यानं फक्त करपात्र विक्री धरायची, तिथे धान्य वगळलंत ते योग्य. पण दीड कोटीची मर्यादा मोजताना करमाफ मालही धरावा लागतो. तुमची उलाढाल १ कोटी ६२ लाख झाली.

आणि ती पॅनवर मोजतात, दुकानावर नाही. त्याच पॅनवर दुसरं दुकान असेल, गाळ्याचं भाडं येत असेल, तर तेही त्यात. १ कोटी ६२ लाख मागच्या वर्षीच्या असतील तर यंदा १ एप्रिलपासूनच तुम्ही पात्र नव्हता. यंदाच्या असतील तर ज्या दिवशी दीड कोटी ओलांडले त्या दिवसापासून. दोन्ही वर्षांचे आकडे काढा आणि या आठवड्यातच कुणाकडे तरी कागद घेऊन बसा. हे धाग्यावर सोडवण्यासारखं नाही.

सक्करदरा_किराणा

मागच्या वर्षी १ कोटी ४७ लाख होती. म्हणजे यंदा मधेच कधीतरी ओलांडली. पाहतो. घाम फुटला बाप्पा.

नंदनवन_फरसाण

कंपोझिशनमध्ये वही ठेवायची गरज नसते ना? ८ टक्के नफा दाखवला की झालं, असं माझ्या मेहुण्यानं सांगितलं.

करसल्लागार_धरमपेठ

ते इन्कम टॅक्समधलं आहे, मेहुण्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. कंपोझिशनचा आणि त्या ८ टक्क्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

भांडीवाली_महाल

दोन रात्री बसून वर्षाच्या पावत्या लावल्या. भंडाऱ्याचा बिननंबरवाल्यांकडचा माल ६ लाखांचा निघाला.

तुमच्या पद्धतीनं केलं तर रेग्युलरचा कर ७१,४०० अधिक या ६ लाखांवर न मिळणारे २८,६००, म्हणजे बरोबर १ लाख. कंपोझिशन ९० हजार. वर अकाउंटंट रेग्युलरचे वर्षाला पंधरा हजार जास्त सांगतोय. म्हणजे राहूच द्यावं, असं आता मलाही वाटायला लागलंय. दीर खूश आहेत.

करसल्लागार_धरमपेठ

आकडे अगदी बरोबर मांडलेत. फक्त कराच्या बाजूनं पाहिलं तर राहणं योग्य. पण एक विचारतो. महालात, इतवारीत मध्य प्रदेशचं गिऱ्हाईक असतं. तुमच्याकडे येतं का?

भांडीवाली_महाल

येतं ना. पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा. लग्नसराईत रुखवताची, आहेराची भांडी न्यायला घरच्या घरं येतात. वर्षाला पाच लाखांची तरी विक्री असेल. बहुतेक जण स्वतःच्या गाडीत नेतात. दोन-तीन मोठ्या ऑर्डर आम्ही टेम्पोनं पोचवतो. तेही अडचणीचं आहे का? ते दुकानात येऊन घेतात, आम्ही थोडेच मध्य प्रदेशात विकायला जातो.

करसल्लागार_धरमपेठ

टेम्पोनं पोचवता ती विक्री सरळ सरळ आंतरराज्य झाली. कंपोझिशनमध्ये ती एकदाही चालत नाही. पाच टक्क्यांपर्यंत सूट, एखादी चालेल, असं काही नाही.

दुकानात येऊन नेणाऱ्याचं जरा नीट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता लिहिला, तिथे विक्री झाली असं धरतात. पत्ता नसेल तर दुकान असेल तिथे. आणि पूर्ण पत्ताच हवा असंही नाही, नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता लिहिल्यासारखाच. तुमच्या बिल ऑफ सप्लायवर दीर काय लिहितात ते बघा.

भांडीवाली_महाल

आत्ता बिलबुक काढून पाहिलं. वर शिक्का आहे, कंपोझिशन करदाता, कर आकारण्यास पात्र नाही. आणि त्याच्याच खाली दिरांच्या अक्षरात नाव, मोबाईल नंबर आणि "छिंदवाडा (म.प्र.)". नोव्हेंबरपासूनच्या एका बुकात अशी अकरा बिलं आहेत. दीर मुद्दाम लिहितात, गिऱ्हाईक पुन्हा आलं की ओळख राहावी म्हणून.

गांधीबाग_जुना

ताई, मी कापडात चाळीस वर्षं आहे. पत्ता लिहायचाच नाही, विषय संपला. काउंटरवर रोख विक्री, गिऱ्हाईक कुठलं हे विचारायचं आपल्याला कारण नाही. सगळा बाजार असंच करतो.

करसल्लागार_धरमपेठ

काका, काउंटरवर येऊन स्वतः नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता न विचारणं यात गैर काही नाही, ते मान्य. पण आपला टेम्पो पांढुर्ण्याला जातोय आणि बिलावर मुद्दाम पत्ता कोरा, हे वेगळं. तिथे बिल खोटं ठरतं. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागतं, त्यात पोचवायचं ठिकाण भरावंच लागतं. नाही भरलं तर रस्त्यात गाडी थांबते.

गांधीबाग_जुना

टेम्पोचं मान्य. पण छिंदवाड्याचा भांड्यांचा दुकानदार, जीएसटी नंबरवाला, दुकानात येऊन स्वतःच्या गाडीत माल नेतो, त्याचं काय? माल तर माझ्या काउंटरवर त्याच्या ताब्यात गेला. ती इथलीच विक्री.

करसल्लागार_धरमपेठ

तुमचा युक्तिवाद टाकाऊ नाही, पण माल शेवटी कुठे पोचतो ते बघायचं असं दुसरी बाजू म्हणते, आणि नंबरवाल्याच्या बिलावर त्याचा नंबर असतोच, त्यातून राज्य दिसतंच. मी तरी कंपोझिशनवाल्या अशिलाला असं बिल करू देत नाही.

गांधीबाग_जुना

माझं मत तेच राहील. असो.

नंदनवन_फरसाण

आणि पकडलं तर होतं काय? दंड किती?

करसल्लागार_धरमपेठ

दंड ही नंतरची गोष्ट. ज्या दिवशी अट मोडली त्या दिवसापासून कंपोझिशन गेलं असं धरतात. मग फक्त त्या अकरा बिलांवर नाही, त्या दिवसानंतरच्या सगळ्या विक्रीवर पूर्ण दरानं कर, व्याज आणि दंड. गिऱ्हाइकाकडून कर घेतलेला नसतो आणि खरेदीचं क्रेडिट मिळवायला वेगळं भांडावं लागतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात दुकानदारानं राज्याबाहेर माल पाठवला होता फक्त दोनदा, आणि कागदं चालली ती पुढच्या चौदा महिन्यांच्या विक्रीवर.

ताई, म्हणून तुमच्या बाबतीत प्रश्न दहा हजारांच्या फरकाचा नाही. पाच लाखांचं मध्य प्रदेशचं गिऱ्हाईक सोडणार का, एवढाच आहे. सोडणार असाल तर राहा. नसाल सोडणार तर १ एप्रिलपासून बाहेर पडा, आणि झालेल्या बिलांबद्दल कुणाला तरी समोर बसून कागद दाखवा.

भांडीवाली_महाल

सोडणार नाही. ती घरं सासऱ्यांच्या वेळेपासून येतात.

दिरांना बिलबुक दाखवलं. तासभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, काढ बाहेर. आता करायचं काय काय, क्रमानं सांगाल का?

करसल्लागार_धरमपेठ

पोर्टलवर `CMP-04` भरा, बाहेर पडण्याच्या तारखेच्या आधी. एप्रिलपासून रेग्युलर बिलं सुरू. यंदाच्या वर्षाचं `GSTR-4` ३० जूनपर्यंत भरायचंच आहे, ते चुकवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे विसरतात ते `ITC-01`. ३१ मार्चला दुकानात जो माल शिल्लक आहे त्यावर तुम्ही दिलेला जीएसटी त्यातून परत क्रेडिट म्हणून मिळतो. तीस दिवसांत भरावं लागतं. हे बक्षीस समजू नका. हे नाही भरलं तर तो माल एप्रिलनंतर विकताना पूर्ण ५ टक्के जातील आणि वजा करायला काहीच नसेल, म्हणजे वर मांडलेला सगळा हिशोब पहिल्याच वर्षी कोसळेल.

माल मोजताना तीन ढीग करा. २२ सप्टेंबरच्या आधीच्या बिलाचा, त्यावर १२ टक्के दिलेत तर १२ चंच क्रेडिट. नंतरचा, ५ टक्क्यांचा. आणि तिसरा, बिन जीएसटीचा किंवा एक वर्षापेक्षा जुन्या बिलाचा, त्यावर शून्य. क्रेडिट दोन लाखांच्या वर गेलं तर सीएचा दाखला लागतो.

भांडीवाली_महाल

पोरांना घेऊन मोजायला सुरुवात केली. आत्ता अंदाज असा: एकूण माल २० लाखांचा. पहिला ढीग ५ लाख, दुसरा ९, तिसरा ६. तिसऱ्यात भंडाऱ्याची पितळ आहे आणि वरच्या फळीवरचे जुने हंडे, घागरी.

क्रेडिट ५ लाखांवर ५३,५०० आणि ९ लाखांवर ४२,८००, मिळून ९६ हजारांच्या आसपास. बरोबर ना?

आणि मुरादाबादचं एक मोठं बिल ४ एप्रिल २०२५ चं आहे. ते कोणत्या ढिगात?

करसल्लागार_धरमपेठ

बेरीज बरोबर आहे. ४ एप्रिलचं बिल आज पहिल्या ढिगात आहे, ४ एप्रिल २०२६ उलटला की तिसऱ्या. `ITC-01` ला तीस दिवस आहेत म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबू नका. एप्रिल २०२५ ची बिलं एकेक दिवसानं बाद होत जातील. १ तारखेला पोर्टल उघडा, त्या बिलापासून सुरुवात करा.

भांडीवाली_महाल

ठीक. त्या बिलाला लाल चिठ्ठी लावून ठेवली.

सक्करदरा_किराणा

धरमपेठवाले दादा, माझा आकडा निघाला. ९ फेब्रुवारीला दीड कोटी ओलांडली. तुम्हाला मेसेज केलाय, बघाल का?